घोट्यावरचं कापड

सुरतेच्या रिंग रोडवरच्या बाजारांतून देशभर जाणारा ड्रेस मटेरियलचा माल बहुतेक वेळा न शिवलेला असतो. एका पाकिटात कुर्त्याचं कापड, दुपट्टा आणि बॉटम, म्हणजे खालच्या कपड्यासाठी साधारण दोन ते अडीच मीटरचा तुकडा. त्याचं काय शिवायचं हे घेणारी ठरवते. कुणी सलवार शिवते, कुणी सरळ पँट, कुणी चुडीदार. पण कॅटलॉगमधला फोटो मात्र एकच असतो आणि अलीकडे त्यात मॉडेलच्या पायात बहुधा सरळ पँट दिसते. मग एखादा व्यापारी म्हणतो, याच फोटोत चुडीदार दाखवा, माझ्याकडची गिऱ्हाइकं चुडीदार शिवतात. तापीच्या उत्तरेला, अमरोलीच्या पुढे कोसाडमध्ये संगणकावर फोटो दुरुस्त करणाऱ्या माणसापुढे असं काम आलं तर त्याने नेमकं काय करायचं, हे या प्रकरणात पाहू.

काम सोपं वाटतं. पँटचा पाय बारीक करायचा आणि घोट्याशी चार आडव्या रेघा काढायच्या. बरेच जण एवढंच करतात आणि चित्र चुकतं. ज्या बाईने आयुष्यभर चुडीदार घातला आहे तिला ते बघताक्षणी खटकतं, मग काय चुकलं ते तिला सांगता येवो न येवो. घोट्यावरच्या चुण्या हवेतून येत नाहीत. कापड कसं बेतलं आणि पाऊल त्याला कुठे अडवतं, यावरून त्यांची जागा, संख्या आणि तिरकेपणा ठरतो. म्हणून आधी शिलाई समजून घ्यायची आणि मग माऊस हातात घ्यायचा.

चुडीदाराची लांबी पायाच्या लांबीपेक्षा जास्त ठेवतात. शिंपी कमरेपासून जमिनीपर्यंतचं माप घेतो आणि त्यात दहा ते पंधरा इंच वाढवतो. ही वाढीव लांबी पोटरीच्या खाली साठते. ती तिथेच का थांबते? कारण मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची गोलाई, इतकी अरुंद असते की ती टाचेखाली घसरूच शकत नाही. घोट्याचा घेर साधारण साडेआठ इंच असतो, तर टाच आणि पावलाचा वरचा उंचवटा यांना मिळून टेप फिरवला तर बारा-तेरा इंच भरतात. या फरकामुळेच मोहरीच्या आतल्या बाजूला तीन-चार इंचांची फट ठेवून तिथे हूक किंवा टिचबटण लावतात, नाहीतर पाऊल आत जाणारच नाही. एकदा हूक लागलं की मोहरी पावलाच्या उंचवट्यावर आणि मागे टाचेच्या माथ्यावर टेकते. वरचं सगळं कापड तिच्यावर येऊन बसतं.

यातून चित्रकाराला पहिली गोष्ट मिळते. चुण्या खालून वर रचल्या जातात. सगळ्यात खालच्या चुणीवर वरच्या सगळ्या कापडाचा भार असतो, म्हणून खाली त्या दाट आणि घट्ट असतात. वर जावं तशा त्या विरळ होतात आणि पोटरीचा फुगवटा सुरू झाला की संपतात, कारण तिथे कापड पायाला घट्ट बसलेलं असतं. सारख्या अंतरावर काढलेल्या चुण्या म्हणूनच खोट्या दिसतात.

दुसरी गोष्ट कापडाच्या दिशेची. जुन्या पद्धतीचा चुडीदार उरेब बेततात. कापड कोपऱ्यापासून तिरपं शिवून त्याची एक थैली करतात आणि त्या थैलीतून पाय कापतात, म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागे पायाच्या लांबीशी सुमारे पंचेचाळीस अंशांत येतात. विणलेलं कापड धाग्याच्या दिशेने ताणत नाही, पण तिरपं ओढलं की धाग्यांचे चौकोन कलतात आणि कापड लांबतं. पोटरीवर चुडीदार इतका घट्ट बसतो आणि तरी गुडघा वाकतो, तो यामुळे. फोटोवर याचा थेट परिणाम होतो. कापडावर पट्टे असतील तर चुडीदारात ते पायाभोवती तिरपे फिरतात. बुट्टी असेल तर तीही कललेली दिसते. पँटवरचे उभे पट्टे तसेच ठेवून फक्त पाय बारीक केला, तर तो चुडीदार झाला नाही, घट्ट पँट झाली. अर्थात हल्ली तयार मिळणारे बरेच चुडीदार होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाचे आणि सरळ बेतलेले असतात, त्यांत पट्टे उभेच राहतात. कापड कोणतं हे आधी विचारून घ्यायचं ते यासाठी. पाकिटातलं बॉटम कॉटनचं किंवा क्रेपचं असेल, तर चुडीदार उरेबच धरायचा.

आता चुणीच्या आकाराकडे वळू. बहुतेकांच्या मनात चुणी म्हणजे पायाभोवतीचं पूर्ण कडं असतं. तशी ती क्वचितच असते. पातळ नळी लांबीच्या दिशेने दाबली तर तिच्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराचे चपटे पैलू उमटतात, एका ओळीतले पैलू वरच्या ओळीतल्या पैलूंच्या मधोमध येतात. अभियांत्रिकीत ही घडण योशिमुरा या जपानी संशोधकाच्या नावाने ओळखली जाते. कोपराशी गोळा झालेल्या बाहीवर ती आपण रोज पाहतो. घोट्यावरचं कापड हीसुद्धा लांबीच्या दिशेने दाबलेली नळीच आहे. त्यामुळे एक चुणी पायाच्या समोरून सुरू होते, अर्ध्या वाटेवर दबते, आणि तिच्या टोकाशी वरची किंवा खालची दुसरी चुणी उठते. सरळ बेतलेल्या कापडात या जोडाच्या जागी टोकदार कोपरे पडतात. उरेब कापड दोन्ही दिशांना वळत असल्याने कोपरे गोलावतात आणि चुणी तिरकी, लांब वाहते. समोरून पाहताना दोन-तीन चुण्या एका कडेपासून सुरू होऊन दुसऱ्या कडेपर्यंत पोचायच्या आधी विरल्या पाहिजेत. एवढं साधलं की निम्मं काम झालं.

आता एक फोटो घेऊ आणि मापं मांडू. मॉडेल सपाट जुती घालून सरळ उभी आहे, उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे ६६ इंच. फोटोत डोक्यापासून टाचेपर्यंत ती ३६३० पिक्सेल भरते. म्हणजे एका इंचाला ५५ पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवला की पुढचं सगळं मोजता येतं.

व्यापाऱ्याला दहा इंच वाढ ठेवलेला चुडीदार हवा आहे. ही वाढ घोट्यापासून वर सात इंचांत बसवायची, म्हणजे सात इंच उंचीत सतरा इंच कापड. दहा चुण्या धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १.७ इंच कापड येतं आणि दोन चुण्यांमधलं अंतर सरासरी ०.७ इंच पडतं. सात इंच म्हणजे ३८५ पिक्सेल. सगळ्यात खालचं अंतर २७ पिक्सेल ठेवायचं आणि ते हळूहळू वाढवत सगळ्यात वरचं ५० पिक्सेलवर न्यायचं, म्हणजे दहा अंतरांची बेरीज बरोबर ३८५ होते. प्रत्यक्ष काढताना एखादं अंतर थोडं कमी-जास्त करायचं, कारण हाताने सारख्या केलेल्या चुण्या कुणाच्याच पायावर नसतात.

प्रत्येक चुणीत एक इंच कापड जास्तीचं आहे. ते बाहेर जाऊन परत येतं, म्हणून चुणी सरळ उभी राहिली असती तर अर्धा इंच बाहेर आली असती. पण ती खाली झुकून खालच्या चुणीवर टेकते, त्यामुळे पायाच्या कडेबाहेर साधारण पाव इंचच दिसते. साडेआठ इंच घेराचा घोटा समोरून पावणेतीन इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे १५० पिक्सेल रुंद दिसतो. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच मिळवलं की चुडीदारातला घोटा १७५ ते १८० पिक्सेल होतो आणि त्याची कड लहान-लहान लाटांची होते. लेगिंग्ज दाखवायची असती तर घोटा दीडशेच्या जवळपास ठेवून कड गुळगुळीत राहिली असती. चुडीदाराच्या रेघा आत काढून बाहेरची कड सरळ ठेवणं ही मला सर्वांत जास्त दिसलेली चूक आहे. लहान आकारात फोटो पाहिला की आतल्या रेघा दिसत नाहीत, फक्त बाहेरची कड दिसते आणि मोबाइलवर बघणाऱ्याला ती लेगिंग्जच वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. मूळ फोटोतल्या सरळ पँटची मोहरी चौदा इंच गोलाईची असेल, तर सपाट धरल्यावर ती सात इंच भरते. तिने घोटा तर झाकलाच आहे, शिवाय पावलाचा उंचवटा आणि जुतीची मागची कडही झाकली आहे. कापड आवळल्यावर हे सगळं उघडं पडणार, आणि फोटोत ते नाहीच. त्वचा कुठून आणायची? रंग घासून बनवलेला पाय मेणाचा दिसतो. यावर उत्तम उपाय शूटिंगच्या वेळीच करायचा असतो. मॉडेल त्याच जागी, त्याच दिव्यांत आणि त्याच जुतीत उभी असताना पँट गुडघ्यापर्यंत वर धरून एक फोटो काढून ठेवायचा. त्याला मिनिटभर लागत नाही आणि पुढचा अर्धा दिवस वाचतो. असा फोटो नसेल तर त्याच शूटिंगमधल्या दुसऱ्या पोझमध्ये घोटा कुठे दिसतो ते शोधायचं. पायाच्या आजूबाजूची रिकामी झालेली पार्श्वभूमीही भरावी लागते, आणि जमिनीवरची पँटची रुंद सावली पुसून पावलाची अरुंद सावली घालायला विसरायचं नाही.

फोटोशॉपमध्ये थर असे लावायचे: सगळ्यात खाली रिकामी पार्श्वभूमी, तिच्यावर पाऊल आणि जुती, त्यावर चुडीदाराचा पाय आणि सगळ्यात वर कुर्ता. कापडावर पट्टे किंवा बुट्टी नसतील तर पँटचा वरचा भाग, मांडीपासून पोटरीपर्यंत, शक्यतो मूळचाच वापरायचा आणि तो Warp ने आत ओढायचा, म्हणजे कापडाचा पोत खरा राहतो. चुण्यांसाठी त्याच कापडाचा एक तुकडा पंचेचाळीस अंशांत फिरवून ठेवायचा. सावल्या वेगळ्या थरावर Multiply मध्ये काढायच्या आणि उजेडाच्या रेघा Screen मध्ये. चुणीची सावली तिच्या पोटाखाली पडते आणि उजेड माथ्यावर येतो. दिवा डावीकडून असेल तर तोच माथा उजवीकडे जाताना मंद होत गेला पाहिजे. क्रेपवर उजेडाची रेघ रुंद आणि मऊ, कॉटनवर अरुंद आणि किंचित तुटक.

दुसरा पाय करताना पहिल्याची नक्कल उलटी करून लावायचा मोह होतो. तो आवरायचा. एकतर उजेड उलटा पडतो. शिवाय दोन पायांवर भार क्वचितच सारखा असतो. ज्या पायावर मॉडेल उभी आहे तो सरळ असतो आणि त्याच्या चुण्या दाट बसतात. दुसरा गुडघ्यात थोडा वाकलेला असतो, गुडघा वाकला की कापड वर ओढलं जातं आणि घोट्यावरच्या चुण्या सुटतात. वाढीव लांबी मुळात याच हालचालीसाठी ठेवलेली असते, बसल्यावर चुडीदार पोटरीवर अडकू नये म्हणून. तेव्हा वाकलेल्या पायावर दहाऐवजी सात-आठ चुण्या, आणि त्याही सैल.

पावलावर कापड कुठपर्यंत येतं, हे लेगिंग्ज, चुडीदार आणि सलवार या तिन्ही कपड्यांत वेगळं असतं आणि नेमकी तिथेच गल्लत होते. लेगिंग्ज ताणणाऱ्या कापडाची आणि पायाच्या घेरापेक्षा कमी मापाची असते. ती घोट्याच्या हाडाच्या वर किंवा हाडावर संपते आणि पाऊल मोकळं राहतं. सँडलचा घोट्याभोवतीचा पट्टा तिच्यावरून जातो. लेगिंग्जमध्येही ‘चुडीदार’ म्हणून विकली जाणारी लांब जात आहे, तिच्यात घोट्याशी तीन-चार मऊ वळ्या पडतात, पण त्या रचल्यासारख्या बसत नाहीत. खऱ्या चुडीदाराची मोहरी समोर पावलाच्या उंचवट्यावर उतरते आणि मागे टाचेच्या माथ्यावर थांबते, म्हणून तिची कड समोर किंचित खाली आणि मागे किंचित वर असते. जुतीच्या मागच्या कडेवर खालची चुणी टेकते. घोट्याला पट्टा असेल तर तो चुण्यांखाली अर्धवट लपतो. पट्टा अख्खा दिसत असेल आणि त्याच्या वरून चुण्या सुरू होत असतील, तर चुडीदार आखूड शिवल्यासारखा दिसतो.

सलवारीत यातलं काहीच नसतं. तिची सगळी चुणट वर असते, नेफ्याखाली, आणि ती उभी वाहत गुडघ्यापर्यंत विरत जाते. मोहरीला आतून बकरम लावून वर समांतर टाके घातलेले असतात, त्यामुळे तिथे एक ताठ पट्टी तयार होते. ही पट्टी समोर पावलावर टेकते, तिच्या जरा वर कापडाची एकच घडी पडते, मागे ती टाच झाकते आणि जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर राहते. सँडलचा पट्टा पूर्ण झाकला जातो. सलवारीच्या घोट्यावर गोल चुण्या काढणं म्हणजे दोन कपड्यांची मोडतोड करून तिसरा बनवणं, जो कुणी शिवत नाही. पतियाळा सलवारीत कापड बरंच जास्त असलं तरी त्याच्या झोळदार घड्या मांडी-पोटरीवर लोंबतात आणि मोहरी पुन्हा सपाटच असते.

पँटची सलवार करणं एका अर्थी सोपं आहे, कारण झाकलेलं पाऊल उघडं करावं लागत नाही. पण मग कुर्त्याला हात लावावा लागतो. सलवारीचा घेर कुर्त्याला आतून बाहेर ढकलतो, म्हणून गुडघ्याजवळ कुर्त्याची कड प्रत्येक बाजूला इंचभर तरी फुगवावी लागते आणि बाजूच्या कटमधून सलवारीच्या उभ्या घड्या डोकावल्या पाहिजेत. चुडीदाराच्या वेळी उलट होतं. कुर्ता पायांच्या जवळ पडतो आणि दोन पायांमधली फट त्याच्या खालून स्पष्ट दिसते. ही फट भरलेली ठेवली तर डोळ्याला खाली अजून पँटच असल्याचा भास होत राहतो.

काम झाल्यावर फोटो दोनदा तपासायचा. एकदा मोठा करून, पट्ट्यांची दिशा, सावल्या आणि मोहरीची कड पाहण्यासाठी. आणि एकदा अंगठ्याच्या नखाएवढा करून, कारण गिऱ्हाईक तो तसाच पाहणार आहे. त्या आकारात घोट्याशी एक दाट, किंचित जाड पट्टा दिसला आणि पाऊल त्याखालून स्वच्छ बाहेर आलं, तर चुडीदार ओळखू येतो. शेजारी बसलेल्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईला काहीही न सांगता फोटो दाखवावा आणि हे काय शिवलंय असं विचारावं. ती क्षणभर थांबली तर खालच्या चार चुण्या पुन्हा कराव्यात, दोष बहुधा तिथेच असतो.

व्यापाऱ्याशी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. उरेब चुडीदाराला सलवारीइतकं किंवा त्याहून जास्त कापड लागतं, कारण तिरपं कापताना कोपरे वाया जातात. पाकिटात दोनच मीटर बॉटम असेल आणि फोटोत घोट्यावर दहा भरगच्च चुण्या असतील, तर उंच बाईला ते कापड पुरणार नाही आणि तक्रार दुकानापर्यंत येईल. तिथे वाढ कमी धरून सहा-सात चुण्याच दाखवाव्यात.

मांडी घालून बसलेल्या किंवा पायावर पाय टाकलेल्या मॉडेलचा फोटो मात्र बदलायला घेऊ नये. त्या पोझमध्ये पँटचं कापड गुडघ्यामागे आणि घोट्याशी असं दबतं की चुडीदाराचा ताण कुठून कुठे जाईल हे मूळ फोटोवरून काढता येत नाही. अशा वेळी व्यापाऱ्याला स्पष्ट सांगावं की एक चुडीदार शिवून आणा, पुन्हा फोटो काढू.